९२ टक्के एकमत आणि दुसऱ्या समीक्षकाचा चौथा शेरा: एका उत्तरपत्राचे प्रकरण

संज्ञापन विषयातील पीएच.डी. करताना एका नियतकालिकाकडे पाठवलेल्या माझ्या पहिल्या लेखावर दोन समीक्षकांचे शेरे आले, आणि त्यांना उत्तर देणारे पत्र लिहिण्यात माझे जवळजवळ दोन महिने गेले. हे प्रकरण त्या पत्राचे आहे. पत्र मूळ इंग्रजीत होते. त्यातील आवश्यक भाग मी येथे मराठीत देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे समजायला सोपे पडतील असे केले आहेत, त्यामुळे ते वर्तमानपत्रांविषयीचे निष्कर्ष म्हणून कोणी वापरू नयेत. त्यांच्यावर केलेले गणित मात्र जसेच्या तसे पडताळून पाहता येईल.

लेखाचा विषय होता २०१६ च्या जानेवारी ते मे या काळात तीन मराठी दैनिकांनी मराठवाड्यातील दुष्काळाचे केलेले वार्तांकन. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, आणि त्या गाडीच्या बातम्यांनी पानेच्या पाने भरली. दुष्काळ ही एखादी घडलेली घटना म्हणून मांडला जातो, की पाणीवाटप, पीकपद्धती आणि धोरण यांचा प्रश्न म्हणून, हे मला पाहायचे होते. त्यासाठी मी ६४० बातम्यांचे आशय विश्लेषण केले, म्हणजे कोडबुक नावाच्या नियमावलीनुसार प्रत्येक बातमीचे वर्गीकरण, अर्थात कोडिंग केले. प्रत्येक बातमीसाठी कोडबुकात बरेच रकाने होते, परंतु या प्रकरणाशी दोनच रकान्यांचा संबंध आहे. पहिला, बातमीची मुख्य चौकट घटनाकेंद्री आहे की प्रश्नकेंद्री. दुसरा, दुष्काळाच्या झळांसाठी शासनव्यवस्थेला जबाबदार धरले आहे का: होय किंवा नाही. कोडिंग दोघींनी केले, मी आणि आमच्या विभागातील एम.ए.ची एक विद्यार्थिनी. १०० बातम्या दोघींनी स्वतंत्रपणे कोड केल्या, म्हणजे आमचे किती जुळते ते कळावे, आणि उरलेल्या ५४० आपसांत वाटून घेतल्या.

संपादकांचा निर्णय ‘मोठी सुधारणा’ असा होता आणि मुदत ६० दिवसांची होती. पहिल्या समीक्षकाचे सहा शेरे होते, दुसऱ्याचे नऊ. दुसऱ्या समीक्षकाचा चौथा शेरा असा होता: ‘लेखकांनी कोडरांमधील एकमताची फक्त टक्केवारी दिली आहे, आणि तीही सर्व रकान्यांची मिळून. प्रत्येक चलासाठी क्रिपेन्डॉर्फचा अल्फा स्वतंत्रपणे द्यावा. जबाबदारीचे चल विरळ दिसते. तेथे टक्केवारी दिशाभूल करू शकते.’ चल म्हणजे कोडबुकातला एक रकाना, आणि अल्फा म्हणजे योगायोगानेही जुळू शकणारा भाग लक्षात घेऊन काढलेले एकमताचे माप.

माझे पहिले उत्तर मी त्याच रात्री लिहिले. त्यात मी म्हटले होते की ९२ टक्के एकमत समाधानकारक मानले जाते, या क्षेत्रातील पुष्कळ लेख टक्केवारीच देतात, आणि तरीही समीक्षकांच्या सूचनेचा मान राखून ‘मर्यादा’ या भागात एक वाक्य जोडले आहे. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो कागद वाचला आणि एवढेच विचारले, “अल्फा काढून पाहिलास का?” मी काढला नव्हता. उत्तर लिहिण्याआधी हिशेब करावा हे मला सुचले नव्हते, कारण तो शेरा मला प्रश्न वाटलाच नव्हता, आक्षेप वाटला होता.

हिशेब अवघड नाही. आर या सांख्यिकी प्रणालीत `irr` हे पॅकेज आहे आणि त्यात पुढील तीन ओळी पुरतात:

```r
library(irr)
m <- rbind(coder1, coder2)
kripp.alpha(m, method = "nominal")
```

येथे एक चूक सहज होते आणि माझीही झाली. या फंक्शनला कोडर आडव्या ओळींत आणि बातम्या उभ्या रकान्यांत लागतात. आपली एक्सेलची फाइल बहुधा उलटी असते, म्हणजे प्रत्येक ओळीत एक बातमी. ती तशीच दिली तर फंक्शन तक्रार करत नाही. ते १०० कोडर आणि दोन बातम्या आहेत असे समजून एक निरर्थक आकडा देते. निकालात कोडरांची संख्या छापून येते. ती दोन आहे का, हे पाहिले म्हणजे चूक लगेच कळते.

मांडणी सुधारल्यावर मुख्य चौकटीच्या चलाचा अल्फा ०.८४ आला आणि जबाबदारीच्या चलाचा ०.४६. दोन्हींची टक्केवारी एकच होती, ९२. क्लाऊस क्रिपेन्डॉर्फ यांनीच सुचवलेला दंडक असा आहे की ०.८०० किंवा त्याहून अधिक अल्फा असलेल्या चलावर विसंबावे, ०.६६७ ते ०.८०० च्या दरम्यान केवळ तात्पुरते निष्कर्ष काढावेत, आणि त्याखालच्या चलावर निष्कर्ष उभारू नयेत. माझ्या लेखाचा मुख्य निष्कर्ष ०.४६ वर उभा होता.

एकाच टक्केवारीतून दोन इतके वेगळे आकडे कसे निघतात, हे मला समीक्षकांना सांगण्याआधी स्वतःला समजून घ्यावे लागले. मुख्य चौकटीच्या चलात आम्ही दोघींनी ४८ बातम्या घटनाकेंद्री आणि ४४ प्रश्नकेंद्री ठरवल्या होत्या, आणि ८ ठिकाणी मतभेद होता. जबाबदारीच्या चलात दोघींचे ‘होय’ फक्त ४ बातम्यांवर जुळले, ‘नाही’ ८८ बातम्यांवर, आणि मतभेद येथेही ८ च होते. आता दोघींच्या मिळून २०० खुणा एका पिशवीत टाकल्या आणि न बघता दोन उचलल्या, तर त्या वेगळ्या निघण्याची शक्यता किती, असा प्रश्न अल्फा विचारतो. चौकटीच्या पिशवीत १०४ आणि ९६ खुणा आहेत. तेथे ही शक्यता सुमारे ०.५० आहे. जबाबदारीच्या पिशवीत १६ ‘होय’ आणि १८४ ‘नाही’ आहेत. तेथे ती जेमतेम ०.१५ आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडे मतभेद ०.०८ होता. ०.५० च्या तुलनेत ०.०८ म्हणजे मोठे यश आहे, ०.१५ च्या तुलनेत ते अर्ध्याहून थोडे जास्त आहे, आणि एकातून ते गुणोत्तर वजा केले की अल्फा मिळतो. याहून साध्या शब्दांत सांगायचे तर, त्या १०० बातम्यांपैकी मी ‘होय’ फक्त ५ बातम्यांना दिले होते. एखाद्या तिसऱ्या व्यक्तीने एकही बातमी न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहिले असते, तरी तिचे माझ्याशी ९५ टक्के एकमत झाले असते.

अल्फा कमी येण्याचे दोन अर्थ होऊ शकतात आणि ते वेगळे करणे आवश्यक असते. चल अतिशय विरळ असेल तर एकदोन चुकांनीही अल्फा कोसळतो, आणि तेव्हा उपाय मोठा नमुना घेणे हा असतो. दुसरी शक्यता अशी की कोडरांना व्याख्याच वेगवेगळी कळलेली असते. कोणता अर्थ लागू आहे हे आकड्यातून कळत नाही. मतभेदाच्या बातम्या काढून वाचाव्या लागतात. आम्ही त्या आठही बातम्या टेबलावर मांडल्या. पहिली गोष्ट दिसली ती अशी की मतभेद एकाच बाजूला झुकलेले होते: आठांपैकी सात ठिकाणी ‘होय’ तिचे होते आणि ‘नाही’ माझे. निव्वळ दुर्लक्षाने झालेल्या चुका अशा सहसा एका बाजूला जात नाहीत. दुसरी गोष्ट, त्या सातांपैकी सहा बातम्यांत व्यवस्थेवरचा आरोप बातमीदाराच्या तोंडी नव्हता. तो एखाद्या शेतकऱ्याच्या, कार्यकर्त्याच्या किंवा विरोधी पक्षाच्या आमदाराच्या अवतरणात होता. मी केवळ बातमीदाराचे विधान धरत होते, ती अवतरणेही धरत होती. कोडबुकात माझी व्याख्या होती: ‘बातमीत शासनव्यवस्थेला जबाबदार धरले आहे.’ कोणी धरले आहे, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. दोघी आपापल्या परीने नियम नीट पाळत होतो.

येथपर्यंत मला वाटत होते की नुकसान विश्वसनीयतेच्या परिच्छेदापुरते आहे. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला तेव्हा ते किती खोल आहे ते कळले. त्यांनी विचारले की उरलेल्या ५४० बातम्या आम्ही वाटून कशा घेतल्या होत्या. आम्ही त्या गठ्ठ्यांनुसार वाटल्या होत्या, कारण कात्रणे दैनिकवार फाइलींत लावलेली होती. पहिल्या दोन दैनिकांचे गठ्ठे मी घेतले होते आणि तिसऱ्याचा तिने. आणि माझ्या लेखाचा मुख्य निष्कर्ष असा होता की तिसरे दैनिक व्यवस्थेला जबाबदार धरण्यात इतर दोघांच्या जवळपास दुप्पट पुढे आहे: १२ टक्के बातम्या, इतरांच्या ६ आणि ५ टक्क्यांसमोर. जी कोडर अधिक वेळा ‘होय’ म्हणत होती, तिच्याचकडे ते दैनिक होते. फरक दैनिकांतला आहे की कोडरांतला, हे या आकड्यांवरून सांगणे अशक्य होते. समीक्षकांना ही वाटणी दिसतही नव्हती, कारण लेखात मी फक्त ‘उर्वरित बातम्या दोन कोडरांमध्ये विभागल्या’ एवढेच लिहिले होते. त्यांनी केवळ अल्फा मागितला होता.

पळवाट सोपी होती आणि ती किती लोक वापरतात हे मला माहीत नाही, पण ती मोहात पाडते हे मी सांगू शकते. आठ मतभेदांवर चर्चा करायची, एकमत करायचे, आणि चर्चेनंतरच्या खुणांवर अल्फा काढायचा. तो एकच्या आसपास येतो. पण त्याने मोजले जाते ते दोन माणसे बोलून एका मतावर येऊ शकतात हे. व्याख्या हातात घेऊन दोन माणसे न बोलता त्याच उत्तरावर पोहोचतात का, हे त्यात मोजलेच जात नाही.

आम्ही व्याख्या पुन्हा लिहिली. बातमीदाराचे विधान असो वा कोणाचे अवतरण, त्यात टँकर, चारा छावणी, पाणीवाटप, कर्जवाटप अशा एखाद्या ठरावीक कृतीचा किंवा तिच्या अभावाचा दोष शासनाच्या कोणत्याही स्तरावर ठेवला असेल तर ‘होय’. ‘सरकारने लक्ष द्यावे’ अशी नुसती मागणी असेल तर ‘नाही’. ही दुसरी अट आठांपैकी उरलेल्या दोन बातम्यांमुळे घालावी लागली. सराव आम्ही अभ्यासाबाहेरच्या बातम्यांवर केला. त्यासाठी २०१३ च्या दुष्काळाच्या ४० बातम्या घेतल्या. नंतर आधीच्या १०० मध्ये नसलेल्या, म्हणजे त्या ५४० मधल्या १२० बातम्या यादृच्छिक पद्धतीने काढल्या आणि दोघींनी स्वतंत्रपणे कोड केल्या. त्यातल्या प्रत्येक बातमीवर आधी दोघींपैकी एकीने काम केलेले होते, म्हणून जुन्या खुणा लपवल्या. या वेळी १७ ठिकाणी दोघींचे ‘होय’ जुळले, ९७ ठिकाणी ‘नाही’, आणि ६ ठिकाणी मतभेद राहिले. टक्केवारी ९२ वरून ९५ झाली, पण अल्फा ०.४६ वरून ०.८२ वर गेला. मग हे एकच चल सगळ्या ६४० बातम्यांसाठी नव्याने कोड केले, आणि या वेळी बातम्या दैनिकांनुसार न वाटता तिन्ही दैनिकांच्या मिसळून, यादृच्छिक क्रमाने वाटल्या. नवे आकडे १६, १५ आणि १८ टक्के आले. तीन दैनिकांतला फरक सांख्यिकी कसोटीवर टिकला नाही.

आता पत्र लिहायचे होते, आणि ते पहिल्या मसुद्यासारखे असू शकत नव्हते. समीक्षकाने मागितले होते त्याहून मोठा बदल झाला होता, म्हणून तो त्याच्या शेऱ्याखालच्या उत्तरात पुरून टाकणे योग्य नव्हते. संपादकांना लिहिलेल्या पहिल्या पानावरच दुसऱ्या परिच्छेदात आम्ही लिहिले: ‘दुसऱ्या समीक्षकांच्या चौथ्या शेऱ्यावर काम करताना जबाबदारीच्या चलाची व्याख्या अपुरी असल्याचे आणि कोडिंगची विभागणी दैनिकांनुसार झाल्याचे आमच्या लक्षात आले. त्यामुळे दैनिकांमधील फरकाचा मूळ लेखातील निष्कर्ष आम्ही मागे घेत आहोत. शीर्षक, सारांश, तक्ता ३ आणि चर्चेचा भाग त्यानुसार बदलला आहे.’ बाईंनी या परिच्छेदातला ‘दुर्दैवाने’ हा शब्द खोडला. त्यांचे म्हणणे होते की संपादकाला बदल कळायला हवा. आम्हाला त्याचे काय वाटले ते नव्हे.

चौथ्या शेऱ्याखालचे उत्तर चार गोष्टी याच क्रमाने सांगत होते: शेरा मान्य आहे, जुना अल्फा ०.४६ होता, कारण अमुक निघाले, उपाय असा केला आणि नवा अल्फा ०.८२ आहे. जुना आकडा द्यावा की नाही यावर माझे मन बराच वेळ अडून राहिले. न देता केवळ ‘सुधारित कोडबुकानुसार अल्फा ०.८२’ असे लिहिता आले असते आणि ते खोटेही ठरले नसते. परंतु मग निष्कर्ष का बदलला याचे कारण वाचणाऱ्याला मिळाले नसते, आणि दुसऱ्या समीक्षकाला आपल्या शेऱ्याने काय उघड झाले हेही कळले नसते. आम्ही तो पत्रात दिला आणि लेखाच्या पद्धती विभागातही एका वाक्यात दिला. उत्तराखाली बदललेला मजकूर पूर्ण उद्धृत केला आणि सुधारित प्रतीतील पान व ओळ क्रमांक दिले. हे क्रमांक अगदी शेवटी भरावे लागतात, कारण आधीच्या पानावर एक वाक्य वाढले की पुढचे सारे सरकतात. आमचे दोनदा सरकले.

सगळे शेरे मान्य करण्यासारखे नव्हते. पहिल्या समीक्षकांनी सुचवले होते की अशा चौकटींचा वाचकांच्या मतांवर काय परिणाम होतो हेही लेखात दाखवावे. आशय विश्लेषण बातमीत काय आहे ते सांगते. वाचकाच्या मनात काय झाले ते सांगण्यासाठी सर्वेक्षण किंवा प्रयोग लागतो. पण नुसते ‘हे आमच्या कक्षेबाहेर आहे’ असे लिहिण्याआधी मी माझाच लेख त्या नजरेने वाचला, आणि तेव्हा ‘वाचकांना प्रश्नाच्या मुळापासून दूर नेते’ अशा धाटणीची तीन वाक्ये सापडली. अपेक्षा मीच निर्माण केली होती. उत्तरात आम्ही नम्रपणे नकार दिला, कारण सांगितले, आणि ती तीन वाक्ये कोणत्या ओळींतून काढली तेही नोंदवले. सैद्धान्तिक मांडणी एकाला लांबवायला हवी होती आणि दुसऱ्याला आखडायला. संपादकांनी निर्णयपत्रात लांबीबद्दल सूचना दिली होती, तिचा आधार घेऊन आम्ही ती आखडली आणि दोन्ही उत्तरांत परस्परांचा उल्लेख केला.

पत्र पाठवायच्या दिवशी एक चूक थोडक्यात टळली. समीक्षा दोन्ही बाजूंनी निनावी होती, आणि आम्ही पत्रात कुठेही नाव घातले नव्हते. परंतु बदल दाखवणाऱ्या प्रतीत समासातल्या प्रत्येक खुणेपाशी माझे आणि बाईंचे नाव दिसत होते. वर्डमध्ये File, मग Info, मग Check for Issues आणि Inspect Document येथे जाऊन ते काढता येते. आम्ही ते फाइलीच्या दुसऱ्या प्रतीवर केले, कारण काढलेली नावे परत आणता येत नाहीत. पत्रातले ‘आमच्या विभागातील विद्यार्थिनी’ हे शब्दही ‘प्रशिक्षित दुसरी कोडर’ असे बदलले. संकेतस्थळावरच्या चौकटीत मजकूर चिकटवला की ठळक आणि तिरपी अक्षरे निघून जातात हे माहीत असल्याने आम्ही शेरा आणि उत्तर रंगाने वेगळे केले नव्हते. प्रत्येकाच्या आधी ‘शेरा २.४’, ‘उत्तर २.४’ असे लिहिले होते.

दुसऱ्या फेरीत पहिल्या समीक्षकांनी काही सुचवले नाही. दुसऱ्या समीक्षकांनी दोन किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या, आणि तक्ता ३ खाली प्रत्येक चलाचा अल्फा छापावा असे म्हटले. ते त्याच आठवड्यात केले. त्याहून अधिक वेळ दुसऱ्याच एका कामाला लागला. जबाबदारीचे तेच चल आणि तेच जुने आकडे माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात होते, आणि ते प्रकरण मी आठ महिन्यांपूर्वी संशोधन सल्लागार समितीपुढे मांडले होते. समितीच्या सदस्यांना मी एक पानी टिपण दिले: कोणते चल, जुना अल्फा किती, निष्कर्ष कोणता मागे घेतला, नवे तक्ते कोणत्या पानांवर आहेत. सोबत उत्तरपत्राची ती दोन पाने जोडली, ज्यांवर उत्तर २.४ होते.